कंपन्या गुपचूप भाव ठरवतात, सगळ्यांचाच फायदा होतो, मग त्यातलाच एखादा का फुटतो?

निशिगंध

भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये दिलेला बॅटरी सेलचा निकाल सध्या वाचतोय. टॉर्चमध्ये, घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल. एव्हरेडी, निप्पो आणि पॅनासॉनिक या तीन कंपन्यांनी अनेक वर्षं आपसात ठरवून भाव वाढवले. पद्धत साधी होती. एकाने दरवाढ जाहीर करायची आणि बाकीच्यांनी 'बाजारातला मोठा खेळाडू वाढवतोय म्हणून आम्हीही वाढवतो' असं दाखवत मागून जायचं. एव्हरेडीला सुमारे १७१ कोटी आणि निप्पोला सुमारे ४२ कोटी दंड झाला. पॅनासॉनिकला शून्य, कारण तिनेच आयोगाकडे जाऊन सगळं सांगितलं.

माझा प्रश्न कायद्याबद्दल नाही. तिघांनाही जास्त पैसे मिळत असताना, गिऱ्हाईकाला पत्ता नसताना, हे का फुटतं? असं संगनमत मुळातच टिकत नाही असं ऐकलंय, पण त्याचं कारण मला नीट कळलेलं नाही. पकडले गेले म्हणून मोडलं, एवढंच आहे का?

वाटसरू

आमच्या एसटी स्टँडसमोर सात टपऱ्या आहेत आणि सातही ठिकाणी चहा १० रुपये. कुणीच ९ ला देत नाही. आयोगाला कळवू का? :)

सह्यकडा

निशिगंध, उत्तर सोपं आहे. हाव. माणूस हावरट असतो, एकाला वाटतं आपण थोडं जास्त विकावं, तो भाव पाडतो आणि खेळ खलास. ओपेकचं बघा. कोटा ठरतो आणि महिन्याभरात अर्धे देश जास्त तेल काढत असतात. कायदाबियदा गौण आहे, बाजार स्वतःच अशा टोळ्या मोडतो. सरकारने काही केलं नाही तरी चालेल.

अनघा_म

वाटसरू, टपऱ्यांचा भाव सारखा आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. शेजारचा कितीला देतो ते प्रत्येकाला दिसतं. कुणी ९ केला तर तासाभरात बाकीचे सहाही ९ करतील हेही त्याला ठाऊक असतं. कुणाशी एक शब्द न बोलता भाव सारखे राहू शकतात. आयोगाला लागतो तो आपसात ठरवल्याचा पुरावा: बैठक, फोन, ईमेल.

सह्यकडा यांचं म्हणणं अर्धं पटतं. हाव असतेच, पण ती टोळीतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून असते. तरी काही टोळ्या सहा महिन्यांत मोडतात आणि काही वर्षानुवर्षं चालतात. हा फरक हावेने समजत नाही. ओपेकही निराळी आहे, ती सार्वभौम देशांची उघड संघटना आहे, तिला लपूनछपून भेटावं लागत नाही.

माझं काम या क्षेत्राशी संबंधित आहे. मला विचाराल तर आतून बघायला सगळ्यात चांगलं उदाहरण लायसीन या पशुखाद्यातल्या अमायनो आम्लाच्या टोळीचं आहे, कारण त्यांच्या बैठका अमेरिकेच्या एफबीआयने चालू असतानाच ध्वनिमुद्रित केल्या. एरवी आपल्याला मोडून गेल्यानंतरचे कागद मिळतात. इथे माणसं खोलीत बसून काय बोलत होती ते ऐकायला मिळतं. रात्री सविस्तर लिहिते.

पोल्ट्रीवाला_सांगली

लायसीन म्हणजे आमचंच की! कोंबडीखाद्यात घालतो ते. मका आणि सोयाची पेंड, म्हणजे डीओसी, हे मुख्य, वरून लायसीन, मेथिओनीन. यातही टोळी होती? अनघाताई, नक्की लिहा.

परदेशी_पाखरू

मी इलिनॉयमध्येच राहते. ज्या कंपनीचा विषय निघणार आहे तिचं गाव, डिकेटर, इथून गाडीने जाण्यासारखं आहे. गावात शिरताना मका आणि सोयाबीनवर प्रक्रिया होत असल्याचा वास आधी येतो. खटल्याला पंचवीस वर्षं उलटली तरी जुनी माणसं त्याबद्दल मोकळेपणाने बोलत नाहीत, कारण अर्ध्या गावाचं पोट त्या कंपनीवर.

अनघा_म

आता सावकाश लिहिते.

१९९० पर्यंत जगात लायसीन बनवणारे मोजकेच होते. जपानच्या आजिनोमोतो आणि क्योवा हाक्को, आणि कोरियाची मिवोन, जिचं नाव पुढे सेवोन झालं. नंतर कोरियाचीच चेइल आली. १९९१ मध्ये अमेरिकेची आर्चर डॅनियल्स मिडलंड, म्हणजे एडीएम, उतरली. तिच्याकडे मक्याची साखर घरचीच होती आणि लायसीन त्याच साखरेवर जिवाणू वाढवून करतात. डिकेटरला तिने जगातला सगळ्यात मोठा लायसीन कारखाना उभारला. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी तिने भाव पाडले. पौंडाला सव्वा डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षभरात साठ-सत्तर सेंटवर आला आणि सगळ्यांनाच झळ बसू लागली.

जून १९९२ मध्ये एडीएम आणि दोन जपानी कंपन्यांची माणसं मेक्सिको सिटीत भेटली. पुढच्या बैठकांत कोरियन कंपन्याही आल्या. भाव किती ठेवायचा हे लगेच ठरलं आणि काही महिन्यांत तो डॉलरच्या आसपास चढलासुद्धा. पण एडीएमची आणखी एक मागणी होती, बाजारातला मोठा वाटा. आजिनोमोतो अनेक वर्षं पहिल्या क्रमांकावर होती, ती नव्या कंपनीला आपल्या बरोबरीला बसवायला तयार नव्हती. म्हणून भाव ठरला आणि कोणी किती माल विकायचा ते अधांतरी राहिलं.

निशिगंध, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच जागी आहे. सोयीसाठी मनाचे आकडे घेते. पाच कंपन्या, प्रत्येकी महिन्याला २० लाख पौंड विक्री. ठरलेला भाव १ डॉलर, उत्पादनखर्च ६० सेंट. प्रत्येकीला ८ लाख डॉलर सुटतात. आता एकीचा विक्रेता एका मोठ्या खाद्य कारखान्याला हळूच सांगतो, '९५ सेंटला देतो, कुठे बोलू नका.' त्याने ५ लाख पौंड जास्त विकले की पौंडामागे ३५ सेंटने पावणेदोन लाख डॉलर जास्त मिळाले. बाकी चौघींची विक्री प्रत्येकी सव्वा लाख पौंडांनी घटली. म्हणजे २० च्या जागी पावणेएकोणीस. एवढी घट तर हंगामामुळेही होते, डुकरांचे भाव पडले तरी होते. त्यांना चोर दिसतच नाही.

आणि अशी सवलत द्यावी हे पाचही विक्री विभागांना एकाच वेळी सुचत असतं. त्यात 'आपण नाही दिली तर दुसरा देईल' ही भीती मिसळली की वेग वाढतो. १९९३ च्या उन्हाळ्यापर्यंत लायसीनचा भाव पुन्हा सत्तर सेंटच्या खाली-वर आला. तोवर कुणी कुणाला पकडलेलं नव्हतं. पहिला करार आतूनच मोडला.

सह्यकडा

म्हणजे मी म्हटलं तेच की. बाजाराने मोडलं.

अनघा_म

सह्यकडा, थांबा, गोष्ट अर्धीच झाली आहे. मोडल्यावर ती माणसं शहाणी झाली. उद्या लिहिते, आज डोळे मिटतायत.

चेअरमन_ब_विंग

थोडं अवांतर, पण मला वाटतं विषयाला धरूनच आहे. आमच्या सोसायटीत बाहेरून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि रंगाचं काम काढलंय. चार ठेकेदारांची कोटेशनं आली. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक. त्यातल्या दोन कोटेशनांत 'वॉटरप्रुपींग' असं एकसारखं चुकीचं टाइप केलंय, आणि तेसुद्धा त्याच तिसऱ्या ओळीत. कमिटीतले एक काका म्हणाले, यांनी रिंग केली आहे. सल्लागार म्हणतो बाजारभावच तो आहे. काय समजायचं?

मुक्ताई

चेअरमन, भाव जवळ असणं सोडून द्या, पण एकाच जागी एकच चूक ही मोठी खूण आहे. दोन्ही कोटेशनं एकाच माणसाने टाइप केली किंवा एकाने दुसऱ्याला फाइल पाठवली. सॉफ्ट कॉपी आली असेल तर फाइलच्या माहितीत ती कोणी तयार केली ते बघा. शिवाय एकेका कामाचे दर शेजारी शेजारी लावून बघा. खरोखर वेगवेगळा हिशेब केलेला असेल तर एकाचं प्लास्टर महाग आणि रंग स्वस्त, दुसऱ्याचं उलट, असं दिसतं. सगळ्या ओळी एकाच ठरावीक टक्क्याने वर असतील तर मूळ तक्ता एकच आहे.

चेअरमन_ब_विंग

आत्ताच लावून बघितलं. दोघांच्या जवळजवळ सगळ्या ओळींत २ टक्क्यांचा फरक आहे. तिसऱ्याचं मात्र खरंच वेगळं दिसतंय. चौथ्याने दर फोडून दिलेलेच नाहीत, एकच रक्कम लिहिली आहे.

अनघा_म

लायसीनचा दुसरा अंक लिहिते.

ऑक्टोबर १९९३. कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथल्या एका हॉटेलात एडीएमचे उपाध्यक्ष मायकेल अँड्रियास आणि आजिनोमोतोचे काझुतोशी यामादा समोरासमोर बसले. अँड्रियासने भावाचा विषय जवळपास बाजूला ठेवला आणि मालाच्या कोट्यावर बोलला. त्याचं म्हणणं असं की आमच्याकडे आज विकतोय त्याहून कितीतरी जास्त माल काढायची ताकद पडून आहे, वाटणी ठरली नाही तर आम्ही बाजार मालाने भरून टाकू. ही पोकळ धमकी नव्हती. त्याआधी जपान्यांना डिकेटरचा कारखाना आतून दाखवला होता, त्यामुळे टाक्या किती मोठ्या आहेत ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्यानंतर टनांचा कोटा ठरला. प्रत्येक कंपनीने दर महिन्याला आपली विक्री आजिनोमोतोकडे कळवायची आणि आजिनोमोतोने सगळ्यांचा तक्ता करायचा. मार्च १९९४ मध्ये हवाईच्या बैठकीत भरपाईची योजना पक्की झाली. वर्षअखेर ज्याने कोट्यापेक्षा जास्त विकलं असेल त्याने ज्याचं कमी विकलं गेलं त्याच्याकडून तेवढा माल विकत घ्यायचा.

माझं परवाचं गणित यात घालून बघा. ज्याने चोरून ५ लाख पौंड जास्त विकले त्याला वर्षअखेरीस ५ लाख पौंड दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागतील, तेही चढ्या भावाने. ९५ सेंटला विकलेल्या मालाच्या बदल्यात १ डॉलरने घ्यायचा. सवलत देऊन मिळवलेलं सगळं गेलं, वर खिशाला चाट. म्हणजे विक्रेत्याला सवलत द्यावीशी वाटण्याचं कारणच काढून टाकलं. हंगाम वाईट आहे की कुणी चोरी करतंय हा घोळही मिटला, कारण एकूण तक्ता दर महिन्याला समोर. भाव पुन्हा वर गेला आणि वर टिकला. सह्यकडा, यात बाजाराने काहीही मोडलं नाही. १९९४ हे त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं.

निशिगंध

हे विलक्षण आहे. म्हणजे भाव ठरवणं हा सोपा भाग आणि एकमेकांवर पाळत ठेवणं हे खरं काम. पण एक शंका. विक्रीचे आकडे स्वतःच कळवायचे ना? खोटे कळवले तर?

अनघा_म

ही शंका त्यांनाही होती. जपान आणि कोरियातून निघणाऱ्या मालाचे निर्यातीचे आकडे सरकारी नोंदींत येतात, त्यामुळे तिथे फार खोटं बोलणं अवघड. अमेरिकेत बनून अमेरिकेतच खपणाऱ्या मालाची तशी नोंद नाही, त्यामुळे एडीएमच्या आकड्यांवर बऱ्याच अंशी विश्वासच ठेवावा लागत होता. योजना आणखी पाच-सात वर्षं चालली असती तर ती तिथेच फाटली असती असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा नाही.

पोल्ट्रीवाला_सांगली

ताई, एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली नाही म्हणून सांगतो. टोळी कितीही घट्ट असली तरी लायसीनचा भाव हवा तेवढा चढवता येत नाही. आमच्या धंद्यात जुना हिशेब आहे. ९७ भाग मका आणि ३ भाग लायसीन मिळून १०० भाग सोयापेंडीची जागा घेतात. अगदी तंतोतंत नाही, बाकीची अमायनो आम्लंही बघावी लागतात, पण खरेदी करताना हाच हिशेब मनात असतो. सोया स्वस्त झालं आणि लायसीन महागच राहिलं तर खाद्य बनवणारा लायसीन कमी करतो आणि सोया वाढवतो. आता हे संगणकावर चालतं, भाव टाकला की मिश्रण बदलतं. म्हणजे त्या पाच जणांच्या डोक्यावर सोयाबीनचं छप्पर आहे. ते छप्पर त्यांच्या हातात नाही, ते पावसावर ठरतं.

अनघा_म

पोल्ट्रीवाले, फार मोलाचं सांगितलंत. सोया महाग तेव्हा छप्पर उंच आणि टोळीला वाव जास्त. सोया पडलं की भाव उतरवावाच लागतो, आणि नेमकं तेव्हाच सभासदांना एकमेकांवर संशय येतो. भाव सोयामुळे घसरला की कुणीतरी सवलत देतंय? बाहेरून आलेला धक्का आणि आतली चोरी वेगळी ओळखता न येणं हे टोळ्या कोसळायचं जुनं कारण आहे. अमेरिकेत १८८० च्या दशकात शिकागोहून पूर्वेकडे धान्य नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांची अशीच टोळी होती. साप्ताहिक आकडे जमवूनसुद्धा अधूनमधून त्यांच्यात दरयुद्ध पेटायचं, काही आठवडे चालायचं आणि पुन्हा समेट व्हायचा.

वाटसरू

आता मात्र मीही मन लावून वाचतोय. मग लायसीनवाले पकडले कसे गेले? हॉटेलात टेप कोणी लावला?

परदेशी_पाखरू

हे मी लिहिते, इकडे ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. एडीएमच्या लायसीन विभागाचा प्रमुख मार्क व्हिटॅकर. १९९२ मध्ये कारखान्यात जिवाणूंची वाढ वारंवार बिघडत होती, मालाचं उत्पादन घटत होतं. व्हिटॅकरने वरिष्ठांना सांगितलं की एक जपानी माणूस हे मुद्दाम करवतोय आणि थांबवायला एक कोटी डॉलर मागतोय. कंपनीने एफबीआयला बोलावलं. ही खंडणीची गोष्ट त्याने रचलेली होती. पण एफबीआयचा माणूस त्याच्या घरी फोनवर यंत्र बसवायला आला तेव्हा, बायकोने धरलेल्या आग्रहामुळे, व्हिटॅकरने भाव ठरवण्याचा सगळा प्रकार त्याला सांगून टाकला. नोव्हेंबर १९९२. त्यानंतर अडीच वर्षांहून जास्त काळ तो अंगावर आणि ब्रीफकेसमध्ये टेप लावून बैठकांना जात होता. अर्व्हाइनच्या खोलीत तर टेबललॅम्पमध्ये कॅमेरा होता.

१९९५ च्या जानेवारीत अटलांटाला बैठक झाली, तीही तिथल्या मोठ्या पोल्ट्री प्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे इतके लोक एका गावात का जमले हे कुणी विचारू नये. रिकाम्या खुर्च्या बघून ते आपसात हसत होते की ही खुर्ची अमक्या गिऱ्हाईकाची आणि ही एफबीआयची. तेही टेपवर आहे. २७ जून १९९५ ला धाड पडली.

पोल्ट्रीवाला_सांगली

पोल्ट्री प्रदर्शन म्हणजे तिथे माल विकत घेणारेही फिरत असणार. वर टोळीची बैठक आणि खाली आम्हा लोकांना स्टॉलवर कॅलेंडर वाटत होते म्हणायचं. वाचून राग आला.

अनघा_म

राग येण्यासारखंच आहे. एडीएमचे अध्यक्ष जेम्स रँडल आजिनोमोतोच्या पाहुण्यांशी बोलताना म्हणाले होते की आमच्या कंपनीत एक म्हण आहे, आपले स्पर्धक हे मित्र आणि गिऱ्हाईक हे शत्रू. हेही टेपवर आहे आणि खटल्यात ज्यूरीला ऐकवलं गेलं.

त्या बैठकांसाठी आडोसा म्हणून त्यांनी अमायनो आम्ल उत्पादकांची एक संघटनाही काढली होती. विषयपत्रिका असायची, कामकाज असायचं, आणि खरं बोलणं दुसऱ्या खोलीत.

शेवट थोडक्यात. ऑक्टोबर १९९६ मध्ये एडीएमने गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलर दंड भरला. त्यातले ७ कोटी लायसीनचे आणि ३ कोटी सायट्रिक आम्लाच्या दुसऱ्या टोळीचे. युरोपीय आयोगाने २००० मध्ये पाचही कंपन्यांना मिळून सुमारे ११ कोटी युरो दंड केला. अँड्रियास आणि त्याचा सहकारी टेरन्स विल्सन तुरुंगात गेले. व्हिटॅकरने या काळात कंपनीचे सुमारे ९० लाख डॉलर लाटल्याचं उघड झालं आणि त्याला त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त शिक्षा झाली.

मुक्ताई

अनघा, सगळं वाचलं, पण मूळ विधानाशीच मी सहमत नाही. 'टोळ्या टिकत नाहीत' हे आपण म्हणतो ते पकडल्या गेलेल्या किंवा मोडलेल्या टोळ्यांवरून. ज्या चालूच आहेत त्या मोजणार कशा? लायसीनमध्येही पाहा. कोटा आणि भरपाई लावल्यानंतर टोळी मोडली नव्हती, ती मोडली गेली, आणि तीही एका अत्यंत विचित्र माणसामुळे. व्हिटॅकरने त्या रात्री तोंड उघडलं नसतं तर? मला तर यातून उलटंच दिसतं, की नीट बांधलेली टोळी आपोआप मोडत नाही.

अनघा_म

मुक्ताई, पकडलेल्या टोळ्यांवरूनच बोलतो हा आक्षेप अगदी बरोबर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. ज्यांचा अभ्यास झाला आहे त्यांचं सरासरी आयुष्य पाचेक वर्षं निघतं, पण ती सरासरी फसवी आहे. पुष्कळ टोळ्या वर्षभरात आटोपतात आणि काही दहा-दहा वर्षं चालतात. मोडायचं कारणही प्रत्येक वेळी चोरी नसतं. नवी कंपनी बाजारात उतरते आणि तिला वाटा द्यायला कुणी तयार नसतं, जसं एडीएमच्या बाबतीत आधी झालं. किंवा कुणाचा खर्च कमी होतो आणि त्याला जुना कोटा अपुरा वाटू लागतो.

पण व्हिटॅकर हा निव्वळ योगायोग होता असं मी म्हणणार नाही. टोळी घट्ट करण्यासाठी त्यांना काय काय करावं लागलं ते बघा. महिन्याचे तक्ते, वेगवेगळ्या खंडांतल्या बैठका, खोटी संघटना, प्रत्येक कंपनीतली माहीतगार माणसं. चोरी थांबवायची तर नोंद ठेवावी लागते, आणि जितकी नोंद जास्त तितका पुरावा जास्त आणि फुटू शकणारी माणसंही जास्त. नोंद न ठेवावी तर १९९३ होतं.

निशिगंध

मग माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. पॅनासॉनिक का फुटली? तिथे तर कुणी व्हिटॅकर नव्हता.

अनघा_म

तिथे धाड होती. २३ ऑगस्ट २०१६ ला तिन्ही कंपन्यांवर छापे पडले आणि ७ सप्टेंबरला पॅनासॉनिक दंडमाफीचा अर्ज घेऊन आयोगाकडे गेली. मधले दोन आठवडे तिच्या जागी बसून विचार करा. कायद्यात दंड सांगितलाय तो टोळी चालली त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. जो आधी येऊन उपयोगी पुरावा देईल त्याला शंभर टक्क्यांपर्यंत माफी, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला आणखी कमी. एव्हरेडीला ३० टक्के सूट मिळाली, निप्पोला २० टक्के. आयोगाच्या हातात नेमके कोणते ईमेल लागले हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि उरलेले दोघे काय करतायत हेही नाही. आतापर्यंत त्यांना एकमेकांच्या सवलतीची भीती होती, आता एकमेकांच्या अर्जाची.

सह्यकडा

बरं, हे मान्य. कायदा गौण म्हटलं ते जास्त झालं. पण १७१ कोटी ही रक्कम त्या कंपनीने इतक्या वर्षांत जास्तीच्या भावाने मिळवलेल्यापेक्षा जास्त की कमी? कमी असेल तर उद्या दुसरे हेच करतील. अमेरिकेत निदान तुरुंग तरी आहे, आपल्याकडे नुसता दंड.

अनघा_म

या प्रश्नावर या क्षेत्रातल्या लोकांतही वाद आहे. तुरुंग असावा असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. उलट बाजू म्हणते की तुरुंगाची भीती घातली तर माणसं अर्ज करायलाच येणार नाहीत.

मुक्ताई

अमेरिकेत तुरुंगही आहे आणि माफीही आहे, आणि अर्ज येतातच. माफी फक्त कंपनीला न देता माणसालाही दिली म्हणजे झालं.

चेअरमन_ब_विंग

मंडळी, आमच्याकडे घडामोड आहे. काल चौथ्या ठेकेदाराचा, एकच रक्कम लिहिणाऱ्याचा, मला एकट्याला फोन आला. 'साहेब, कमिटीत बोलू नका, मी १२ टक्के कमी करतो, पण बाकीच्यांना कळता कामा नये.' अनघाताईंचा तो '९५ सेंटला देतो, कुठे बोलू नका'वाला विक्रेताच मला भेटला. आता काय करू? घेऊन टाकू का?

मुक्ताई

फोनवर घेऊ नका. तुम्हीच अडचणीत याल, उद्या कुणीतरी म्हणेल चेअरमनने परस्पर ठरवलं. पण फोनमुळे कळलं ना, की भावात निदान १२ टक्के फुगवटा आहे. आधीची कोटेशनं रद्द करा आणि नव्याने मागवा. प्रत्येक कामाचा दर फोडून, सीलबंद.

अनघा_म

मुक्ताईला अनुमोदन. दोन गोष्टी आणखी. कोणाकोणाला बोलावलंय ती यादी कुणालाही सांगू नका, आणि जागा बघायला सगळ्या ठेकेदारांना एकाच दिवशी बोलावू नका. मागच्या वेळी बोलावलं होतं का? बहुतेक वेळा ओळखी तिथेच होतात, गच्चीवर. आणि निदान दोन ठेकेदार लांबच्या भागातले बोलवा, ज्यांना या चौघांबरोबर पुढच्या सोसायटीत पुन्हा बसायचं नाही. आज तू घे, उद्या मी घेतो, हे जमतं ते पुन्हा पुन्हा गाठ पडते म्हणून.

चेअरमन_ब_विंग

हो, रविवारी सकाळी चौघांनाही एकत्रच बोलावलं होतं, आणि चहाही आम्हीच पाजला होता. सल्लागारानेच तसं सुचवलं होतं. यावेळी त्याला यादी देणार नाही.

पोल्ट्रीवाला_सांगली

चेअरमन, सल्लागाराची फी कामाच्या रकमेवर टक्केवारीने आहे की ठरावीक?

चेअरमन_ब_विंग

टक्केवारीने. आज संध्याकाळी कमिटी बसतेय, हाच विषय पहिला घेतो.